निघालेला गेम आणि निघत असलेला गेम

मिरजेत आमच्या लहानपणी गेम यायचा तो सीडीवर. कुणाचा तरी मोठा भाऊ सुट्टीला पुण्याहून आला की बॅगेतून ती चकती निघायची. तिच्यावर निळ्या मार्करने नाव खरडलेलं असायचं आणि चार घरं फिरून, अंगावर ओरखडे घेऊन ती आमच्यापर्यंत पोचायची. इन्स्टॉल होताना नव्वद टक्क्यांच्या पुढे गाडी अडकली, की चकती काढायची, शर्टाला पुसायची आणि देवाचं नाव घेऊन परत घालायची. पण एकदा चढला की गेम चढला. जेवढा होता तेवढा होता. पुढच्या महिन्यात त्यात एखादी बंदूक वाढणार नव्हती, की रात्रीत कुणी येऊन नकाशा बदलणार नव्हतं.

आता माझा धाकटा चुलतभाऊ गेमबद्दल बोलतो तेव्हा पहिलं वाक्य गेमच्या नावाचं नसतं, त्याच्या अवस्थेचं असतं. ‘दादा, तो अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहे.’ ‘त्याचा ओपन बीटा संपला, आता थांबायचं.’ ‘हा फुल रिलीज झालाय, पण खरं काम पुढच्या पॅचमध्ये आहे म्हणतात.’ आम्ही विचारायचो, गेम आला का? ही पोरं विचारतात, कुठवर आलाय?

सीडीच्या काळात गेम कुठवर आलाय हे फक्त बनवणाऱ्यांना ठाऊक असायचं. अल्फा, बीटा हे शब्द त्यांच्या कार्यालयाच्या आत राहायचे आणि त्यांचे अर्थही बऱ्यापैकी पक्के होते. अल्फा म्हणजे गेमचा सांगाडा उभा आहे, कसाबसा चालतो, पण नवे भाग अजून येताहेत, जुने उडताहेत. बीटा म्हणजे आता नवीन काही घालायचं नाही, आहे ते तपासायचं. कुठे बंद पडतो, कुठल्या ग्राफिक्स कार्डावर पडदा काळा होतो, कुठल्या दरवाज्यात खेळाडू अडकून बसतो, हे शोधत बसायचं. शेवटी ज्या प्रतीवरून कारखान्यात लाखो चकत्या छापायच्या, ती मूळ प्रत तयार झाली की ‘गेम गोल्ड गेला’ अशी बातमी यायची. त्या दिवसानंतर हात लावायची सोय नसे. चूक राहिली, तर ती लाखो खोक्यांत छापून गेली.

त्या काळीही आम्हाला अर्धा गेम मिळायचा. इंग्रजी संगणक मासिकांबरोबर सीडी यायची आणि तिच्यात डेमो असायचे. त्याच्याही आधी शेअरवेअर होतं. आयडी सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ला ‘डूम’ बाहेर काढला तेव्हा त्याचा पहिला भाग, म्हणजे नऊ पातळ्या, फुकट वाटल्या होत्या. आवडलं तर पैसे भरा आणि उरलेले दोन भाग घ्या. आमच्या पिढीतल्या कित्येकांना डूमला पुढे आणखी काही आहे, हेच फार उशिरा कळलं. पण त्या नऊ पातळ्या कच्च्या नव्हत्या. लांबी तेवढी कमी होती, शिजण्यात कमतरता नव्हती. अर्ली अ‍ॅक्सेसला ‘मोठा डेमो’ समजणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं. डेमो हा तयार होत आलेल्या किंवा झालेल्या गेमचा कापून दिलेला तुकडा असतो. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये तुमच्या हातात पडतो तो चालू कामाचा आजचा दिवस, आणि उद्या तो तसाच असेल याची खात्री नसते.

जुन्या दिवसांचं फार कौतुकही नको. ‘गोल्ड’ म्हणजे निर्दोष, असं काही नव्हतं. १९९६चा ‘डॅगरफॉल’ हा प्रचंड मोठा गेम इतक्या चुका घेऊन दुकानात आला, की मुख्य कथाच काही वेळा पुढे सरकेनाशी व्हायची. मग पॅच निघाले. पॅच आजच्यासारखे आपोआप उतरत नसत. ५६केच्या मोडेमवर, फोनचं बिल वाढवत, काही एमबींची फाईल उतरवायची, आणि मधेच आत्याचा फोन आला की सगळं मुसळ केरात. बहुतेकांना पॅच नावाची वस्तू असते याचाच पत्ता नसायचा. गेम अडकला की आपणच वाईट खेळतो असं समजून आम्ही गप्प बसायचो.

बाहेरच्या माणसांच्या हाती बीटा पडण्याचं आमच्या ओळखीचं पहिलं मोठं उदाहरण म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक’. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या गेमवर चढवलेला हा मॉड होता. त्याचा पहिला बीटा जून १९९९मध्ये आला. तेव्हा त्यात ओलिसांना सोडवणं एवढंच होतं. सायबर कॅफेत ज्यासाठी आम्ही तासाचे पैसे मोजले, तो बॉम्ब पेरण्याचा आणि निकामी करण्याचा प्रकार आणि de_dust हा वाळूच्या रंगाचा नकाशा चौथ्या बीटात आला. हाफ-लाइफची कंपनी वाल्व्हने पुढे हा गेम आपल्याकडे घेतला आणि नोव्हेंबर २०००मध्ये तो १.० म्हणून दुकानात आला. म्हणजे दीडेक वर्ष जगभरची मंडळी कच्चा गेम खेळत होती आणि तो त्यांच्यासमोर घडत होता. फरक एवढाच, की त्या बीटासाठी वेगळे पैसे कुणी घेत नव्हतं. हाफ-लाइफ असला की बीटा फुकट. आवडला नाही तर वेळ गेला, खिसा शाबूत.

खिशाचा प्रश्न ज्याने कायमचा बदलला, तो ‘माइनक्राफ्ट’. आणि हा बदल नीट बघायचा असेल, तर त्यातलं एक जुनं जग उघडून बघावं.

स्वीडनच्या मार्कस पेर्सनने मे २००९मध्ये माइनक्राफ्टची पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली आणि महिन्याभरात तो विकायलाही लागला. त्याने ठेवलेला हिशेब सोपा होता. अल्फात घ्याल तर ९.९५ युरो, बीटात १४.९५, पूर्ण झाल्यावर १९.९५. लवकर येणाऱ्याने कच्चेपणा सोसायचा, त्याबद्दल निम्मी किंमत. २० डिसेंबर २०१०ला बीटा सुरू झाला आणि १८ नोव्हेंबर २०११ला लास व्हेगासच्या सोहळ्यात १.० जाहीर झालं. त्या दिवसाआधीच या ‘अपूर्ण’ गेमच्या सुमारे चाळीस लाख प्रती खपल्या होत्या.

आता त्या जगाकडे. माइनक्राफ्टचं जग चौकोनी तुकड्यांनी बनतं. प्रत्येक तुकडा सोळा ठोकळे लांब आणि सोळा रुंद. तुम्ही जिकडे चालत जाता, तिकडचे तुकडे त्या वेळच्या नियमाने तयार होतात आणि डिस्कवर जपून ठेवले जातात. न पाहिलेला प्रदेश अस्तित्वातच नसतो. समजा तुम्ही बीटाच्या सुरुवातीला एका टेकडीवर घर बांधलंत, आसपासचा मुलूख पायाखाली घातलात आणि पुढे काही महिने तिकडे फिरकला नाहीत. दरम्यान सप्टेंबर २०११मध्ये बीटा १.८ आला. त्यात जमीन घडवण्याचा नियमच बदलला होता. जुने तुकडे तसेच राहिले, कारण ते आधीच साठवलेले होते. पण तुम्ही जुन्या सीमेच्या पलीकडे पहिलं पाऊल टाकलंत की नवी जमीन नव्या नियमाने तयार व्हायची, आणि तिचा जुन्या जमिनीशी काडीचा संबंध नसायचा. हिरवी टेकडी मधोमध सुरीने कापल्यासारखी संपायची, सरळ उभा कडा, आणि खाली एकदम समुद्र. तो कडा निसर्गाने केलेला नाही हे बघताक्षणी कळायचं, कारण तो सोळा-सोळाच्या मापात, काटकोनात वळत जायचा.

तेवढ्यावर भागलं नाही. १.८च्या आधी या गेममध्ये भूक नव्हती. भाजलेलं डुकराचं मांस खाल्लं की गेलेली ताकद तिथल्या तिथे भरून यायची. १.८मध्ये भुकेची पट्टी आली, धावता येऊ लागलं, धनुष्याची दोरी ओढून धरावी लागू लागली. ज्यांनी वर्षभर एका पद्धतीने लढायची सवय लावून घेतली होती, त्यांच्या हाताखालचा गेम एका रात्रीत वेगळा झाला. आता गंमत बघा. जुन्या व्याख्येप्रमाणे बीटात नवीन काही घालायचं नाही. माइनक्राफ्टच्या बीटात मात्र बिछाने आले, पिस्टन आले, गावं आली, भूक आली. नावाने बीटा, वागण्याने अल्फा. म्हणून आज एखाद्या गेमवर ‘बीटा’ लिहिलेलं दिसलं, की मी त्या शब्दावरून काही ठरवत नाही. मागच्या दोन-तीन अपडेटमध्ये काय काय घातलं गेलं, ते वाचतो. नुसत्या दुरुस्त्या दिसल्या तर गेम काठाला आलाय. नव्या यंत्रणा अजून येताहेत तर तो मधल्या पाण्यात आहे, मग पाटी काहीही असो.

मग १.०मध्ये वेगळं काय झालं? मंत्रविद्या आली, ड्रॅगन आला, आणि त्याला मारल्यावर श्रेयनामावली, म्हणजे एक शेवट आला. चुकाही काही संपल्या नव्हत्या आणि अपडेट आजही येतात. १.० ही बनवणाऱ्याने केलेली घोषणा होती, की आता याला पूर्ण गेम म्हणून जोखा आणि पूर्ण किंमत द्या. कारखान्यातली मूळ प्रत गेली, त्या जागी हे जाहीर करणं आलं. अंतिम निर्णय यंत्राकडे होता तो माणसाकडे आला, असं म्हणा हवं तर.

पेर्सनने जे एकट्याने सुरू केलं, त्याला वाल्व्हने आपल्या स्टीम या दुकानात २० मार्च २०१३ला स्वतंत्र दालन दिलं. सुरुवातीला बारा गेम होते. त्यांत ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ होता, तो एप्रिल २०१५मध्ये १.० झाला. ‘आर्मा ३’ मात्र २०१३मध्येच पूर्ण झाला. पुढे ‘पबजी’ मार्च २०१७मध्ये या दालनात आला आणि डिसेंबरात बाहेर पडला. त्याउलट ‘डेझी’ डिसेंबर २०१३मध्ये आत गेला, तो पाच वर्षांनी, डिसेंबर २०१८मध्ये १.० होऊन आला. नियमाने कमाल मुदत कुणालाच नाही.

या दालनातल्या प्रत्येक गेमच्या पानावर एक निळसर चौकट असते आणि तिच्यात बनवणाऱ्यांनी दिलेली उत्तरं. अर्ली अ‍ॅक्सेस का, किती काळ, पूर्ण गेम यापेक्षा कसा वेगळा असेल, आज तो कुठल्या अवस्थेत आहे, किंमत बदलणार का आणि खेळणाऱ्यांचं म्हणणं कसं ऐकणार. बांधकाम चालू असताना फ्लॅट बुक करणाऱ्याला ही प्रश्नावली ओळखीची वाटेल. पण फ्लॅटच्या मागे महारेरा उभं असतं. इथे स्टीम स्वतःच लिहून ठेवतं, की काही मंडळींना गेम पूर्ण करता येणार नाही, तेव्हा आज आहे त्या अवस्थेत खेळायचा असेल तरच घ्या. हे वाक्य लोक वाचत नाहीत. सहा उत्तरांतलं मी सगळ्यात आधी वाचतो ते आजच्या अवस्थेचं. बाकीची बरीचशी भविष्यकाळात लिहिलेली असतात.

अर्ली अ‍ॅक्सेस आणि पूर्ण गेम यांतलं अंतर अलीकडे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये. बेल्जियमच्या लॅरियनने तो ६ ऑक्टोबर २०२०ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आणला. किंमत पहिल्या दिवसापासून पूर्ण, साठ डॉलर. माइनक्राफ्टसारखी सूट नाही. मिळत होता तीन अंकांपैकी पहिला अंक. पात्राची पातळी चारच्या वर जात नव्हती, पुढे ती पाच केली. पूर्ण गेममध्ये ती बारा झाली. सुरुवातीला पात्रांचे सहा वर्ग होते. मग ड्रुइड आला, सॉर्सरर आला, बार्बेरियन, बार्ड, डिसेंबर २०२२मध्ये पॅलाडिन, आणि बारावा मंक थेट पूर्ण गेमबरोबर.

आमच्या चुलतभावाने लॉकडाऊनमध्ये तो घेतला होता आणि पहिला अंक जवळजवळ पाठ केला होता. ३ ऑगस्ट २०२३ला पूर्ण गेम आला तेव्हा त्याचा फोन.

‘दादा, जुना सेव्ह चालत नाहीये.’

‘चालणारच नव्हता. त्यांनी आधीच सांगितलं होतं, जुने सेव्ह पुसून टाका म्हणून.’

‘मग एवढे दिवस खेळलो त्याचं काय?’

त्याचं काय, याला उत्तर आहे. सेव्ह फाईलमध्ये तुमची जागा, वस्तू, झालेली संभाषणं, घेतलेले निर्णय असं सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. बनवणाऱ्याने मधे एखादा प्रसंग काढून टाकला, एखाद्या पात्राचं बोलणं नव्याने बांधलं, की जुन्या फाईलमधले संदर्भ हवेत लोंबकळतात. कधी गेम बंद पडतो. कधी तो चालतो आणि पंधरा तासांनी असा दरवाजा समोर येतो की ज्याची किल्लीच आता जगात नाही. हे दुसरं जास्त वाईट. म्हणून जुनी फाईल सरळ नाकारणं हा प्रामाणिकपणा असतो. माइनक्राफ्टला ती जपणं जमलं, कारण तिथे कथा नाही, नुसते ठोकळे आहेत. मोबदला म्हणून ते विचित्र कडे मिळाले.

याच गेममध्ये आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पहिला अंक जवळपास तीन वर्षं लाखो लोकांनी तुडवला होता, म्हणून तो गुळगुळीत होता. तिसरा अंक बाहेरच्या लोकांनी पाहिलाच नव्हता. पूर्ण गेम आल्यावर तक्रारी आल्या त्या मुख्यतः तिसऱ्या अंकातल्या. मोठ्या शहरात शिरल्यावर गेम अडखळतो, एखादी मोहीम अर्धवट लटकते. पुढचे पॅच बरेचसे तिकडेच खर्ची पडले. अर्ली अ‍ॅक्सेस जेवढं उघडं करतं, तेवढंच तपासून होतं. ‘तीन वर्षं लोकांनी तपासलाय’ हे पहिल्या अंकापुरतं खरं होतं.

आणि आजचा बीटा? तो आता बहुतेक ऑनलाइन गेमपुरता उरलाय आणि त्याचं मुख्य काम सर्व्हरला घाम फोडणं. काही हजार माणसं एकाच वेळी आत शिरली की काय मोडतं, हे कार्यालयात बसून कळत नाही. बंद बीटात निमंत्रण लागतं, खुल्या बीटात जागा असेपर्यंत कुणीही. मुदत ठरलेली असते, बहुधा पैसे नसतात, आणि शेवटी तुमची कमाई बऱ्याचदा पुसली जाते. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ या आपल्याकडच्या बॅटल रॉयलसाठी आधी बंद बीटा घेतले आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. मोबाइलवर दोन्ही शब्दांची सरमिसळ होते. ‘बीजीएमआय’ १७ जून २०२१ला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणून आला आणि २ जुलैला अधिकृतपणे. पंधरवड्याचं अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे खरं तर खुला बीटाच.

फरक ओळखायची एक खूण परीक्षणांत असते. प्ले स्टोअरवर तुम्ही चाचणीच्या गटात असाल तर तुमचा अभिप्राय खासगीत बनवणाऱ्याकडे जातो, जगाला दिसत नाही. स्टीमवरही ‘प्लेटेस्ट’ नावाची फुकट चाचणी वेगळी असते. पण अर्ली अ‍ॅक्सेस विकत घेतलेला गेम असतो, म्हणून त्याची परीक्षणं जाहीर दिसतात, आणि त्या काळात लिहिलेल्या परीक्षणावर तसा शिक्काही राहतो. जुना गेम घेताना तो शिक्का बघावा. चार वर्षांपूर्वीच्या अवस्थेला घातलेल्या शिव्या आजच्या गेमला लागू असतीलच असं नाही.

मधल्या मधे एक तिसरी गोष्टही याच नावाने बाजारात फिरते. महागडी आवृत्ती घेतली तर गेम काही दिवस आधी. ‘स्टारफील्ड’ महाग घेणाऱ्यांना १ सप्टेंबर २०२३ला मिळाला, बाकीच्यांना ६ला. तो गेम तयारच होता. त्यात कच्चं काही नव्हतं, रांग तेवढी वेगळी होती. स्टीम त्याला अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस म्हणतं, जाहिरातवाले मात्र बिनदिक्कत ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणतात, आणि पोरं गोंधळतात.

बंद पडलेलं काम ओळखायला मी अपडेटच्या तारखा बघतो. पहिल्या वर्षी महिन्याला एक, मग तीन महिन्यांनी, मग ‘आम्ही अजून आहोत’ असं लिहिलेलं नुसतं पत्र, हा क्रम दिसला की समजायचं. फेब्रुवारी २०२५पासून स्टीमही, शेवटच्या अपडेटला वर्ष उलटून गेलं असेल, तर तशी सूचना पानावर लावतं. पैसे परत मागताना खेळाच्या वेळेची अट मात्र अर्ली अ‍ॅक्सेसलाही तीच आहे. दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. गेम दोन वर्षांनी सोडून दिला गेला, तर तोवर खेळत आलेल्याला त्या नियमाचा काही उपयोग नाही.

परवा चुलतभावाने पुन्हा एक दुवा पाठवला. निळी चौकट, शेवटचं अपडेट गेल्या आठवड्यातलं, किंमत १.०ला वाढणार असं लिहिलेलं, आणि सेव्हबद्दल कुठेच एक अक्षर नाही. मी त्याला म्हटलं, बनवणाऱ्यांना आधी तेवढं विचार. उत्तर अजून आलेलं नाही, आणि पठ्ठ्याने गेम तर घेतलाही.